काढा घेणारा देव

“आत्या, रागावू नकोस, पण विचारतोच. आठवीत प्रकाशाचं परावर्तन मला तू शिकवलंस. ‘दिसलं तरी तपासून बघ’ हे वाक्य तुझंच. आणि तूच रोज पहाटे अंधारात विठोबाच्या देवळात जातेस. बाबांच्या आजारपणात एकही दिवस चुकवला नाहीस, तरी बाबा गेलेच. ज्या देवळानं शेकडो वर्षं माणसांना पायरीवर अडवलं, तिथं तुझ्यासारखी बाई का जाते? समजूत घालू नकोस, खरं काय ते सांग.”

पंढरपूर

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रागावले नाही. उलट बरं वाटलं, कारण आमच्या गल्लीत मला हे कुणी विचारत नाही. बाई रोज जातात म्हणजे बाई भाविक, असं सगळ्यांनी धरून टाकलंय. मी त्यांना दुरुस्त करत बसत नाही. तुला मात्र नीट सांगायला हवं.

माझं देवळात जाणं भक्तीतून सुरू झालेलं नाही. तुझ्या आत्तोबांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काचबिंदूनं जवळजवळ आंधळ्या झाल्या, तेव्हा त्यांना हाताला धरून नेणारं कुणीतरी हवं होतं. घरात पहाटे लवकर उठणारी मी एकटी. शाळा अकराची, त्यामुळे सबबही नव्हती. पहिले काही महिने मी चरफडतच जायचे. महाद्वारातून आत, रांगेतून पुढं, त्यांचं डोकं टेकून झालं की परत. मी स्वतः नमस्कारही धड करत नसे.

परतीच्या वाटेवर सासूबाई रोज विचारायच्या, “आज हार कसला होता गं?” पहिल्यांदा मी काहीतरी ठोकून दिलं, तुळशीचा म्हणून. त्या म्हणाल्या, “तुळस होतीच, वास आला मला. फुलं कसली होती?” मला उत्तर देता आलं नाही. वर्गात मुलींनी निरीक्षण न करताच वहीत निष्कर्ष लिहिले तर मी वही परत करायची, आणि इथं माझीच वही कोरी होती. दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले. आज शेल्याचा रंग कोणता, कपाळाचा गंध कसा रेखलाय, फुलं शेवंतीची की झेंडूची, मुकुट कुठला. मग मूर्तीकडे लक्ष गेलं. कमरेवरच्या दोन हातांपैकी एकात शंख आहे आणि दुसऱ्यात कमळाचा देठ, हे पंढरपुरात जन्म काढलेल्या कित्येकांना सांगता येत नाही. विचारून बघ. पाय जुळलेले आहेत, समचरण म्हणतात ते. आणि लाखो हात लागून ते पाय झिजलेत, इतके की त्यांना लेप द्यायची वेळ आली. दगडसुद्धा हातानं झिजतो हे मी पुस्तकातून शिकवत होते. ते बघितलं देवळात. तेव्हापासून मी पदस्पर्शाच्या रांगेत उभीच राहत नाही, लांबून मुखदर्शन घेते. माझ्या एका हातानं फार झीज होईल असं नाही, पण हिशोब मांडता येत असताना आपण तरी भर कशाला घालायची.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचे दिवस झाले आणि नंतरच्या सोमवारी मी पहाटे उठून साडी नेसून दाराशी उभी होते. कुणाला न्यायचं नव्हतं. तरी गेले. येताना मनातल्या मनात त्यांना सांगितलं, आज हार झेंडूचा होता. हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. हे ऐकून तू म्हणशील की मग ही नुसती सवय झाली. असेल. पण सवय कशाची लागली, ते ऐक.

तू देवळात शेवटचा आलास तो मुंजीच्या वर्षी, त्यामुळे आत दिवसभर काय चालतं ते तुला ठाऊक नसणार. पहाटे चारच्या सुमाराला दार उघडतात. रात्रीचे हार काढतात, पाय धुतात, काकडा ओवाळतात, लोणी-खडीसाखरेचा नैवेद्य दाखवतात. मग दूध-पाण्यानं स्नान, गंध, वस्त्रं, आणि देवाला आरसा दाखवतात. दुपारी महानैवेद्य, संध्याकाळच्या आधी पोशाख, मग धूपारती, रात्री शेजारती. पूर्वी यातलं एकेक काम एकेका घराण्याकडे होतं आणि कामावरूनच आडनाव पडलेलं होतं. मशाल धरणारे ते दिवटे, पाणी आणून द्यायचे ते परिचारक, मंत्र म्हणायचे ते बेणारी, पदं गायचे ते हरिदास, चांदीचा दंड घेऊन उभे राहायचे ते डांगे. आरसा धरायचा मान डिंगऱ्यांचा. या यादीत मागायचं काम कुणाकडेच नाही, हे बघ. उठवायचं, धुवायचं, जेवू घालायचं, निजवायचं. घरात म्हाताऱ्या माणसाचं किंवा तान्ह्या मुलाचं जे करतात, तेच सगळं.

आषाढी-कार्तिकीला तर याची कमाल होते. यात्रा सुरू व्हायच्या आधी एक दिवस बघून देवाचा पलंग काढतात. म्हणजे त्या दिवसापासून देवाला झोप नाही. शेजारती बंद, रात्रंदिवस दर्शन. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि शेवटचा माणूस पायापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतात. आता इतके दिवस उभं राहायचं म्हटल्यावर पाठीला आधार नको का? म्हणून विठोबाच्या पाठीशी लोड लावतात, रुक्मिणीला तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी मूर्तीला लिंबू-साखर चोळतात आणि गरम पाण्यानं अंघोळ घालतात. यातला पहिला भाग तुला पटेल: लाखो हातांचं तेल, घाम, बुक्का बसून पाय तेलकट झालेले असतात. साखरेचे खडे घासायला आणि लिंबाची आंबटाई चिकटा सोडवायला. आपण तांब्याची भांडी घासतो तसलंच ते. (झिजलेल्या दगडाला हे मानवतं का, अशी शंका माझ्या मनात येते. ती मी समितीच्या माणसाला बोलूनही दाखवली आहे.) मग रात्री शेजारतीला देवाला काढा देतात, सुंठ-मिऱ्यांसारखी औषधी घालून उकळलेला. का, तर उभं राहून राहून शिणवटा आला असेल म्हणून. मग पलंग पुन्हा आत येतो आणि देव झोपतो.

बाळू, दगडाला शिणवटा येत नाही हे काढा उकळणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी पहिल्यांदा हे नीट ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर शिक्षिका म्हणून विचार केला, की या माणसांना नक्की काय येतं? दुसऱ्याच्या थकण्याचा विचार करायला येतं. तो दुसरा थकतो की नाही, हे सिद्ध व्हायची वाट ते बघत बसत नाहीत. मला धाक घालणारा, हिशोब ठेवणारा देव लहानपणापासून कधी पटला नाही. पण ज्याला आपणच उठवायचं आणि ज्याच्या पाठीला लोड लावायचा, त्याच्याशी माझं जमतं. तो आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही आणि सुटल्याचा आव मी आणत नाही. गणितात आपण ‘क्ष’ धरतो ना, तसा मी त्याला धरलाय. बरीच उदाहरणं ‘क्ष’ची किंमत न काढताही पुढं सरकतात.

आता दादाचं. यावर तू एका वाक्यात लिहिलंस, पण अख्खं पत्र त्यासाठीच आहे, हे मला कळलं.

दादाचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात मी मागितलं. तोपर्यंत इतकी वर्षं जात होते, कधी काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हा मागितलं. नवस बोलले नाही, पण मनात सौदाच होता: याला एवढं बरं कर, मी अमुक करीन. तीन-चार दिवस असं चाललं. मग माझ्या लक्षात आलं, की या दिवसांत मी हार बघितला नव्हता. रंग आठवत नव्हता, फुलं आठवत नव्हती. उभी होते देवासमोर आणि डोळ्यांपुढे होता रिपोर्ट. शिवाय, तो सौदा करताना मी रात्री दादाला फोन करायचीही थांबले होते. जणू काम वर सोपवलंय, आता आपण कशाला. त्याची मला लाज वाटली. मागणं थांबवलं आणि रोज रात्री नऊला फोन सुरू केला. तुझ्या आईला विचार. दादाला मी सांगायची, आज विठोबाला हिरवा शेला होता. तो म्हणायचा, “तुझ्या सासूची जागा मला दिलीस की काय?” आणि हसायचा. शेवटच्या महिन्यात त्याला बोलवत नसे, तेव्हा तुझी आई फोन त्याच्या कानाशी धरायची आणि मी नुसती शेल्याचा रंग आणि फुलं सांगायची.

दादा गेला. जाणारच होता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं. देवळात जाऊन तो वाचला नाही, आणि मी गेले नसते म्हणून लवकर गेला असता असंही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध मी लावत नाही, तूही लावू नकोस. तो गेल्यानंतरच्या पहाटे मी गेले नाही, सुतक होतं. ते संपल्यावर गेले. कुणावर रुसायचं होतं तर कुणावर रुसणार? ज्याला मीच काढा देते त्याच्यावर?

तुझा खरा अवघड आक्षेप पायरीचा आहे, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. अडवलं हे खरंच आहे. महाद्वारासमोर नामदेवांच्या पायरीपुढे चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. जिवंतपणी ज्यांना आत येऊ दिलं नाही, त्यांची समाधी दाराबाहेर. शेकडो वर्षं त्यांच्या लोकांनी तिथूनच हात जोडले आणि परत गेले. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी इथं तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवस काढले, तेव्हा कुठं दार उघडलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं, बघ. माझ्या सासऱ्यांनी ते दिवस बघितले होते. गावातले सगळेच काही गुरुजींच्या बाजूनं नव्हते, असं ते सांगायचे, आणि आपण कुठल्या बाजूला होतो ते सांगायचे टाळायचे. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि दार उघडलं तरी आतला कारभार बडवे-उत्पातांच्या घराण्यांकडेच होता. तो काढून घ्यायचा कायदा १९७३चा, आणि कोर्टकचेऱ्या संपून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २०१४च्या जानेवारीत. एवढी वर्षं! त्यानंतर मंदिर समितीनं पुजारी नेमायला अर्ज मागवले, कुठल्याही जातीच्या माणसाला, बायकांनासुद्धा. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मला फोन करून विचारलं, “बाई, अर्ज करू का?” मी म्हटलं कर. तिनं केला नाही, घरच्यांनी करू दिला नाही. म्हणजे कायद्यानं दार उघडलं तरी घरातली पायरी उरतेच.

म्हणून मी काय करते ते सांगते. माझी वाट आधी चोखोबांपाशी जाते. तिथं थांबते, मग आत. हे प्रायश्चित्त वगैरे नाही, तसलं मला जमत नाही. पण अडवणाऱ्यांचं देऊळ अडवणाऱ्यांकडेच सोडून आपण स्वच्छ हातानं घरी बसायचं, हेही मला पटत नाही. आत जाणाऱ्यांत हे लक्षात ठेवणारी चार माणसं असलेली बरी. तुला हा युक्तिवाद लंगडा वाटेल. मलाही काही दिवस वाटतो.

अंधश्रद्धेचं म्हणशील, तर तिचा जन्म कसा होतो हे दाखवणारा दगड त्याच देवळात आहे. मी दर वर्षी नववीच्या मुलींना तिथं घेऊन जायची. चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणतात. यादवांच्या काळातला, १२७३ ते १२७७ या वर्षांतला. रामदेवराव यादव, त्याचा हेमाडपंत, आणि देवळाला देणगी दिलेल्या कितीतरी लोकांची त्यात नोंद आहे. कुणी किती दिलं, एवढंच. आपल्या शाळेच्या इमारतीवर देणगीदारांची फरशी बसवलीय ना, तीच गोष्ट. पुढं काय झालं, की लिपी वाचणारे उरले नाहीत आणि ‘चौऱ्याऐंशी’ हे नाव तेवढं उरलं. चौऱ्याऐंशी म्हटल्यावर लोकांना चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवल्या. मग या दगडाला पाठ घासली की जन्ममरणाचा फेरा चुकतो अशी समजूत झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठी घासल्या. घासून घासून अक्षरंच पुसट झाली. म्हणजे जे वाचायचं होतं ते अंगाला चोळून पुसून टाकलं.

मी मुलींना विचारायची, यात चूक कुणाची? एक मुलगी म्हणाली, “बाई, वाचायला न शिकवणाऱ्यांची.” तिला मी त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण दिले, विज्ञानात. हेडबाईंनी विचारलं, कशाबद्दल, तर मी सांगितलं नाही.

तेव्हा देवळात काय खोटं चालतं हे मला तुझ्याइतकंच दिसतं. लवकर दर्शन करून देतो म्हणून पैसे मागणारा दिसतो. अमुक एकादश्या केल्या की मुलगा होईल असं सुनेला सांगणारी सासू दिसते. तिच्याशी मी एकदा रांगेतच भांडलेय. चंद्रभागेचं पाणी तीर्थ म्हणून तोंडात घालू नका, हे मी वारकऱ्यांना हात धरून सांगते, काही ऐकतात. पारखायला सोपी खूण आहे: कुठलीही गोष्ट ‘हे केलंस तर ते मिळेल’ अशी सांगितली जात असेल, तर तिथं कुणाचं तरी दुकान आहे. काढ्यात तसलं काही नाही. काढा देऊन देव काही परत देत नाही.

२०२०च्या मार्चमध्ये देऊळ बंद झालं ते दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. त्या आषाढीला पालख्या एसटीनं आल्या, गावात संचारबंदी. मी गच्चीवरून कळस बघायची. मला वाटलं होतं, आता सवय तुटेल आणि आपलं आपल्याला कळेल, की हे सगळं पाय मोकळे करण्यापुरतंच होतं. पण रोज पहाटे आठवायचं, आत आत्ता हार उतरवत असतील. बघणारं कुणी नाही, रांग नाही, दक्षिणा नाही, तरी आत काकडा होतोय, लोणी-साखर दाखवतायत, रात्री निजवतायत. एक दिवस खंड पडला नाही. मला त्या महिन्यांत ते काम जितकं पटलं तितकं आधी पटलं नव्हतं. रिकाम्या वर्गातही फळा पुसून तारीख लिहिणाऱ्या मास्तरासारखं.

२०२४ साली आतल्या कामासाठी अडीच महिने पदस्पर्श बंद होता, सकाळी मुखदर्शन तेवढं चालू. गाभाऱ्यातली चांदी काढली आणि आतला मूळ दगड उघडा पडला. माझ्या मते चांदीपेक्षा तोच देखणा. तू आलास की बघ.

आणखी एक साधं कारण राहिलं, ते मोठ्या कारणांच्या भाऊगर्दीत सांगायला लाजायला नको. मी एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले, पहाटे तीनला. उठता येईना, फोन बाहेरच्या खोलीत. महाद्वाराजवळ तुळशीहार विकणारी जी बाई आहे, तिच्याकडून मी रोज एक हार घेते. सहा वाजले, साडेसहा वाजले, बाई आल्या नाहीत, म्हणून तिनं सात वाजता पोराला घरी पाठवलं. त्यानं शेजाऱ्यांना उठवून दार तोडलं. खुब्याला चीर होती, हाड मोडलं नव्हतं. तू मनात म्हणशील, तो देव नव्हे, हारवाली. बरोबर. मी तरी कुठं देव म्हटलं? पण तुमच्या पुण्यातल्या सोसायटीत सकाळी सातला माझी गैरहजेरी कुणाच्या ध्यानात आली असती, ते सांग.

दिवाळीला येणार असशील तर कार्तिकी एकादशीच्या आधीच ये आणि आधीच निघ, नंतर गावात गाडी आत घेता येत नाही. देवळात यायचा आग्रह नाही. फक्त माझा डावा डोळा हल्ली अंधुक झालाय, मोतीबिंदू पिकलाय म्हणतात, ऑपरेशन जानेवारीत. तोवर रांगेतून मला फुलं नीट ओळखता येत नाहीत. आलास तर दोन दिवस माझ्याबरोबर चल आणि हार कसला आहे तेवढं सांग.

तुझ्या आईला नमस्कार. तिला म्हणावं, लिंबाचं लोणचं घातलंय, रिकामी बरणी घेऊन ये.

तुझी,
आत्या